एका गोपनीय विचारणेचे उत्तर

बँकेतील अधिकाऱ्याच्या आयुष्यातील बहुतेक वळणे हुकुमाने येतात. बदलीचा आदेश निघतो, बढतीची यादी लागते, रुजू होण्याची तारीख कळविली जाते. संबंधिताने होय वा नाही म्हणण्याची जागा त्यात फारशी नसते. त्यामुळे चाळिशी उलटून गेल्यावर एखाद्या सायंकाळी अनोळखी क्रमांकावरून दूरध्वनी येतो आणि पलीकडील व्यक्ती मृदू आवाजात विचारते, ‘आपण आत्ता मोकळेपणाने बोलू शकता का?’, तेव्हा भलेभले अधिकारी गोंधळतात. कोणी हुरळून जाऊन त्याच रात्री आपली सविस्तर माहिती पाठवून देतो, तर कोणी रागावल्यासारखा फोन ठेवतो. उत्तर देण्याच्या या दोन्ही रीती घाईच्याच होत.

अशी विचारणा करणाऱ्या संस्थांना आपल्याकडे ‘सर्च फर्म’ किंवा बोलीत ‘हेडहंटर’ म्हणतात. हा व्यवसाय नवा नाही. हाइड्रिक अँड स्ट्रगल्स ही संस्था १९५३ साली शिकागोत सुरू झाली, एगॉन झेंडर १९६४ साली झ्युरिकमध्ये आणि कॉर्न फेरी १९६९ साली अमेरिकेत. नोकरी शोधणाऱ्याला नोकरी मिळवून देणे हे त्यांचे काम नव्हे. पद रिकामे असलेल्या कंपनीला योग्य माणूस शोधून देणे हे त्यांचे काम. वरवर सारख्या वाटणाऱ्या या दोन वाक्यांतील भेद ज्याला उमगला, त्याचे अर्धे उत्तर तयार झाले असे समजावे. शुल्क कंपनी देते, म्हणजे पक्षकार कंपनी आहे. समोरची व्यक्ती कितीही आपुलकीने बोलली तरी ती दुसऱ्या पक्षाची प्रतिनिधी आहे. कर्जदार शाखेत येऊन कितीही गोड बोलला, तरी मंजुरीपत्रावर सही करणारा कोणाच्या पैशाचा विश्वस्त आहे हे तो विसरत नाही. तसेच हे आहे. (जी संस्था उमेदवाराकडेच ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘पडताळणी खर्च’ मागते ती सर्च फर्म नव्हेच. ग्राहकांच्या घरातील तरुण मुलामुलींना असे फोन हल्ली वारंवार येतात, म्हणून हा कंस.)

वरिष्ठ पदांसाठीचे काम बहुधा ‘रिटेनर’ पद्धतीने चालते. पदाच्या पहिल्या वर्षाच्या वेतनाच्या सुमारे एक तृतीयांश शुल्क ठरते आणि ते टप्प्याटप्प्याने मिळते. काही संस्था, उदाहरणार्थ एगॉन झेंडर, टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम घेतात. दुसरी पद्धत ‘यश मिळाले तरच शुल्क’ अशी असते; तेथे एकाच पदासाठी तीन-चार संस्था धावत असतात आणि जो आधी नाव पुढे करील त्याची सरशी होते. उमेदवाराच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. पहिल्या पद्धतीत नाव सांभाळून वापरले जाते. दुसऱ्या पद्धतीत तेच नाव बाजारात हातोहात फिरू शकते. एकाच पदासाठी आठवड्याभरात दोन वेगवेगळ्या संस्थांकडून फोन आले, तर काम रिटेनरवर नाही हे कोणी न सांगताही कळते.

उदाहरणादाखल एका उपमहाव्यवस्थापकांचा विचार करावा. वय ४८, २००१ साली परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून एका राष्ट्रीयीकृत बँकेत रुजू, सध्या अहमदाबादच्या क्षेत्रीय कार्यालयात लघु व मध्यम उद्योगांच्या कर्जविभागाची धुरा. घरी पत्नी, बारावीतील मुलगी, पुण्यात वृद्ध आई. त्यांना आलेल्या ई-मेलचा मजकूर असा होता, की एका लघुवित्त बँकेसाठी कार्यकारी संचालकपदाचा शोध चालू असून त्याविषयी गोपनीय चर्चा करण्यास आपण तयार आहात का, आणि स्वतःला रस नसल्यास एखादे योग्य नाव सुचवाल का? या शेवटच्या वाक्याने कोणी हिरमुसून जाण्याचे कारण नाही. या व्यवसायातील तो शिष्टाचार आहे. ‘आपणच या’ असे थेट न म्हणता दार किलकिले ठेवण्याची ती रीत. पण त्याचा दुसरा अर्थही खरा असतो: यादी अजून तयार होत आहे, असे पन्नासएक जणांना विचारले गेले असणे शक्य आहे, आणि आपण त्यांपैकी एक आहोत. निवड झाल्याची ही वार्ता नव्हे.

ई-मेल कार्यालयाच्या पत्त्यावर आला होता. गृहस्थांनी पहिली गोष्ट चांगली केली, ती म्हणजे तेथून उत्तर दिले नाही. कार्यालयाची ई-मेल व्यवस्था ही बँकेची मालमत्ता असते, तिची तपासणी होऊ शकते, आणि ‘गोपनीय’ हा शब्द विषयाच्या ओळीत लिहिल्याने पत्र गोपनीय होत नाही. दुसरी गोष्ट, त्यांनी त्या संस्थेचे संकेतस्थळ स्वतंत्रपणे शोधून तेथील कार्यालयाच्या क्रमांकावर दूरध्वनी केला आणि त्या नावाच्या सल्लागार बाई खरोखरच तेथे आहेत याची खात्री करून घेतली. ग्राहकाची ओळख पटविल्याशिवाय खाते न उघडणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत ती सवय सोडण्याचे कारण नाही. दोन दिवसांनी त्यांनी आपल्या खासगी पत्त्यावरून जे उत्तर पाठविले, त्याचा आशय मराठीत असा:

‘महोदया, आपल्या पत्राबद्दल आभारी आहे. मी सध्याच्या कामात समाधानी आहे आणि बदलाच्या शोधात नाही. तथापि आपण म्हणता त्या जबाबदारीचे स्वरूप समजून घेण्यास माझी हरकत नाही. त्यापूर्वी चार गोष्टी कळाव्यात. हे काम आपल्या संस्थेकडे एकट्याकडे सोपविले आहे काय? पद नव्याने निर्माण झाले आहे की कोणी सोडून गेल्याने रिकामे झाले आहे? माझे नाव आपल्या पक्षकारास आधीच कळविले आहे काय? आणि माझी बँक आपल्या पक्षकारांपैकी आहे काय? माझ्या स्पष्ट लेखी संमतीशिवाय माझे नाव अथवा माहिती कोणासही देऊ नये, तसेच माझ्याविषयी कोणाकडेही चौकशी करू नये, ही विनंती. कार्यालयीन वेळेनंतर, या पत्त्यावरच संपर्क साधावा.’

दहा वाक्यांचे हे पत्र, पण त्यातील प्रत्येक वाक्याला काम आहे. ‘समाधानी आहे’ हे वाक्य खोट्या विनयासाठी नाही. पत्र उद्या चुकीच्या हाती पडले, तरी त्यात आपल्या बँकेविषयी लाज वाटावी असा एक शब्दही असता कामा नये. वरिष्ठांविषयीची नाराजी, बढती हुकल्याची खंत, ही पहिल्या पत्रात लिहिणारा माणूस स्वतःच्या हाताने पुरावा तयार करतो. ‘हरकत नाही’ या शब्दांनी होकारही दिलेला नाही आणि नकारही. पद कशामुळे रिकामे झाले हा प्रश्न तर सर्वांत मोलाचा. अडीच वर्षांत दोन कार्यकारी संचालक सोडून गेले असतील, तर त्या खुर्चीविषयी कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा तेवढेच अधिक सांगून जाते.

चौथा प्रश्न पुष्कळांना सुचत नाही. सर्च फर्म आणि तिची पक्षकार कंपनी यांच्यात सामान्यतः असा करार असतो, की त्या कंपनीतील माणसे ठरावीक काळ इतर कोणासाठी ‘उचलायची’ नाहीत. उमेदवाराची स्वतःची बँक त्याच संस्थेची पक्षकार असेल, तर एक तर ही विचारणा व्हायलाच नको होती, किंवा तो करार संपला आहे. दोन्ही परिस्थितींत त्या संस्थेतील कोणाची ना कोणाची आपल्या बँकेच्या वरिष्ठांशी उठबस आहे हे गृहीत धरून बोलावे लागते.

आणि चौकशीची अट. गोपनीयतेचा भंग बहुधा सर्च फर्मच्या कागदपत्रांतून होत नाही. तो होतो अनौपचारिक चौकशीतून. सल्लागार एखाद्या जुन्या सहकाऱ्याला सहज विचारतो, ‘हे गृहस्थ कसे आहेत हो?’ तो सहकारी चांगल्या मनाने उत्तर देतो आणि संध्याकाळी तितक्याच चांगल्या मनाने दुसऱ्याला फोन करतो. बँकिंगचे जग लहान आहे. महिन्याभरात आपल्याच मंडल कार्यालयात कोणी हसून ‘काय, मुंबईला निघालात म्हणे?’ असे विचारले, की समजावे, चौकशी झाली. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला आणि संमती हे त्याचे एक मुख्य सूत्र आहे. पण बोलून गेलेला शब्द कोणत्याच कायद्याने परत येत नाही. म्हणून अट आधी, आणि लेखी.

सल्लागार बाईंचे उत्तर सरळ होते. काम रिटेनरवर, एकाच संस्थेकडे, पद नवे, नाव पक्षकारास दिलेले नाही, गृहस्थांची बँक त्यांची पक्षकार नाही. वेतनाचा आकडाही त्यांनी सांगितला: एकूण वार्षिक १ कोटी २० लाख रुपये.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सरकारी बँकेतील अधिकाऱ्याची गफलत नेमकी येथे होते. तो हा आकडा आपल्या पगारपत्रकाशेजारी ठेवतो. खासगी बँकांतील पूर्णवेळ संचालकांच्या वेतनाविषयी रिझर्व्ह बँकेने ४ नोव्हेंबर २०१९ रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचना १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्या, आणि लघुवित्त बँकाही त्यांच्या कक्षेत आल्या. त्यांनुसार एकूण वेतनाचा किमान निम्मा भाग कामगिरीवर अवलंबून, म्हणजे बदलता, असावा लागतो. म्हणजे १ कोटी २० लाखांपैकी निश्चित वेतन फार तर ६० लाख. उरलेल्या ६० लाखांपैकी किमान निम्मे रोख नसून समभागांशी निगडित. शिवाय या बदलत्या भागापैकी किमान ६० टक्के, म्हणजे ३६ लाख, लगेच न मिळता किमान तीन वर्षांवर पुढे ढकललेले. रोख भागातीलही निम्मे सामान्यतः त्यातच. हिशेब केला तर पहिल्या वर्षाच्या कामाचे रोखीत हाती येणारे सुमारे ७५ लाख, तेही करापूर्वी आणि तेही कामगिरी मनाजोगी ठरली तर. बाकीचे कागदावर. पुढे कर्जखात्यांत काही गैर आढळले, तर न दिलेला भाग रोखण्याची आणि दिलेला परत मागण्याची तरतूदही त्याच सूचनांत आहे. रुजू होताना द्यावयाचा बोनससुद्धा पहिल्याच वर्षापुरता आणि समभागांच्या रूपातच देता येतो. ७५ लाख ही रक्कम लहान नाही. पण ती १ कोटी २० लाख नव्हे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, हे तर अनेकांना ठाऊकच नसते. हे गृहस्थ २००१ सालचे, म्हणजे १ एप्रिल २०१० पूर्वी रुजू झालेले. त्यांना बँक कर्मचारी निवृत्तिवेतन विनियम, १९९५ लागू आहेत. (स्टेट बँकेचे निवृत्तिवेतनाचे नियम स्वतंत्र आहेत; २०१० नंतर रुजू झालेल्यांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली आहे, तेथे हा प्रश्न या रूपात उभा राहत नाही.) या विनियमांनुसार राजीनामा दिल्यास मागची सारी सेवा निवृत्तिवेतनासाठी बाद होते. सारी, म्हणजे चोवीस वर्षांतील एक दिवसही धरला जात नाही. परंतु वीस वर्षांची अर्हताकारी सेवा पूर्ण झालेला कर्मचारी किमान तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती घेऊ शकतो, आणि त्याच्या सेवेत जास्तीत जास्त पाच वर्षे वाढवून धरली जातात. पूर्ण निवृत्तिवेतन ३३ वर्षांच्या सेवेला, सरासरी वेतनाच्या निम्मे. २४ अधिक ५ म्हणजे २९ वर्षे. त्या प्रमाणात सुमारे ४४ टक्के. तोच माणूस, तोच दिवस, तीच खुर्ची सोडणे. पण अर्जावर ‘राजीनामा’ हा शब्द लिहिला तर शून्य आणि ‘स्वेच्छानिवृत्ती’ लिहिला तर जन्मभराचे निवृत्तिवेतन व त्यामागून कुटुंबासाठीचे निवृत्तिवेतन. नव्या बँकेच्या मनुष्यबळ विभागाला हा भेद माहीत असण्याचे कारण नाही. ‘तीस दिवसांत राजीनामा देऊन या’ असे ते सहज म्हणून जातात.

म्हणूनच गृहस्थांच्या दुसऱ्या पत्रात दोन वाक्ये होती. एक, की आपणास मुक्त होण्यास किमान चार महिने लागतील, कारण सूचनेची मुदत, दक्षता विभागाचा दाखला आणि निवृत्तीनंतर खासगी नोकरी पत्करण्यासाठी लागणारी परवानगी या गोष्टी आपल्या हातात नाहीत. दुसरे, की सध्याचे वेतन सांगताना ते प्रत्यक्ष पगार, निवासस्थान, सवलतीच्या दराचे गृहकर्ज आणि निवृत्तिवेतनाचे हक्क असे वेगवेगळे सांगितले आहे. वेतन फुगवून सांगण्याचा मोह येथे होतो. तो टाळावाच, पगारपत्रके आणि फॉर्म १६ मागितले जातात आणि पहिल्याच कागदावर खोटे ठरलेल्या माणसाला जोखमीच्या खुर्चीवर कोणी बसवीत नाही. शिवाय कार्यकारी संचालक म्हणजे पूर्णवेळ संचालक. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ३५ब नुसार त्याच्या नेमणुकीस रिझर्व्ह बँकेची पूर्वमान्यता लागते. ती येण्यापूर्वी जुने दार बंद करणे म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा उपाशी ठेवणे.

इथवर सारे रीतसर चालले होते. मग सल्लागार बाईंनी, संमती घेऊन, पक्षकार बँकेचे नाव सांगितले.

त्या लघुवित्त बँकेने आपल्या छोट्या उद्योगांच्या कर्जखात्यांचा एक गठ्ठा विक्रीस काढला होता, आणि तो विकत घ्यावा की नाही याचा प्रस्ताव तीन आठवड्यांपासून याच उपमहाव्यवस्थापकांच्या टेबलावर होता. अशा व्यवहारात खात्यांची निवड, थकबाकीचा इतिहास, तारणाची कागदपत्रे आणि किंमत यांवर शिफारस करणारा पहिला वरिष्ठ अधिकारी तेच. शिफारस अनुकूल केली, तर उद्या कोणीही म्हणावे की होऊ घातलेल्या मालकाला खूश केले. प्रतिकूल केली, तर म्हणावे की सौदा वाढविण्यासाठी अडविले. प्रत्यक्षात शिफारस निखळ गुणवत्तेवर झाली तरी ते सिद्ध कसे करणार?

नाव कळताच आणखी एक बंधन येते, त्याकडेही पुष्कळांचे दुर्लक्ष होते. ती बँक शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर तिच्या वरिष्ठ व्यवस्थापनातील जाहीर न झालेला बदल ही भावावर परिणाम करणारी अप्रसिद्ध माहिती ठरू शकते, आणि ‘सेबी’च्या २०१५ सालच्या विनियमांनुसार अशी माहिती हाती असताना त्या समभागांची खरेदी-विक्री करणे हा गुन्हा आहे. पत्नीच्या नावे शंभर शेअर घेतले, ही सबब चालत नाही.

अशा वेळी आपल्या वरिष्ठांना सांगावे काय? पहिल्या फोनपासूनच सांगावे, असे म्हणणारी एक कडक मंडळी आहेत. ते अव्यवहार्य आहे. नुसती विचारणा झाली म्हणून कोणी निष्ठा सोडली असे होत नाही. आणि दर विचारणा वरिष्ठांच्या कानावर घालणारा अधिकारी बहुधा बढतीसाठी घासाघीस करीत आहे असाच समज होतो. तो समज अनेकदा खराही असतो. परंतु ज्या क्षणी विचारणा करणारा आणि टेबलावरील फाईल यांची गाठ पडते, त्या क्षणी ती बाब खासगी राहत नाही. मग मार्ग दोनच: फाईल सोडावी किंवा बोलणे सोडावे. दोन्ही चालू ठेवण्याचा तिसरा मार्ग नाही, कितीही प्रामाणिक माणूस असो.

फाईल सोडणे वाटते तितके सोपे नव्हते. ‘हितसंबंधाच्या कारणास्तव हा प्रस्ताव अन्य अधिकाऱ्याकडे द्यावा’ अशी टीप लिहिली, की वरचा पहिला प्रश्न येणार, कोणता हितसंबंध? तो सांगितला तर सल्लागार बाईंना दिलेला गोपनीयतेचा शब्द मोडतो. न सांगितला तर संशय उरतो. गृहस्थांनी दोन रात्री विचार केला. मुलीच्या बारावीचा, पुण्यातील आईचा, मुंबईहून पुणे किती जवळ पडले असते याचाही विचार झाला असणार. मग त्यांनी बोलणे सोडले. तिसरे पत्र सर्वांत लहान होते:

‘आपण सांगितलेल्या संस्थेशी माझ्या सध्याच्या जबाबदारीचा प्रत्यक्ष संबंध येतो, असे नाव कळल्यावर लक्षात आले. तो संबंध असेपर्यंत ही चर्चा पुढे नेणे मला उचित वाटत नाही. माझे नाव पक्षकारास दिले जाऊ नये आणि माझी माहिती आपल्या नोंदींतून या कामापुरती काढून टाकावी. आपण पाळलेल्या गोपनीयतेबद्दल आभारी आहे. माझ्याकडूनही ती पाळली जाईल.’

संबंध कोणता हे त्यांनी लिहिले नाही, आणि ते योग्यच झाले. एवढ्यासाठी की विक्रीचा प्रस्ताव ही त्यांच्या बँकेची माहिती होती. ती बाहेरच्या सल्लागाराला सांगण्याचा अधिकार त्यांना नव्हता. तिन्ही पत्रे व त्यांची उत्तरे त्यांनी तारखांसह जपून ठेवली. पुढे कधी प्रश्न निघाला, तर नाव कळल्याचा दिवस आणि थांबल्याचा दिवस यांत दोनच दिवसांचे अंतर आहे आणि त्या दोन दिवसांत फाईलवर एकही सही नाही, हे दाखविता यावे म्हणून.

सल्लागार बाईंचे उत्तर त्याच संध्याकाळी आले. माहिती काढून टाकल्याचे त्यांनी कळविले आणि शिष्टाचारानुसार पुन्हा विचारले, की आपण एखादे नाव सुचवाल काय? आपल्या विभागातील दोन हुशार सहायक महाव्यवस्थापकांची नावे गृहस्थांना त्या क्षणी आठवली असतील. पण त्यांच्यापुढेही तीच फाईल होती. त्यांनी दुसऱ्या बँकेतून आदल्या वर्षी निवृत्त झालेल्या एका परिचितांना आधी फोन केला, त्यांची परवानगी घेतली, आणि त्यांचे नाव कळविले. मग तीन आठवडे पडून असलेला तो गठ्ठ्याचा प्रस्ताव पुढे ओढला.